एकेकटा बदल रेंजमध्ये, पण सगळे एकत्र? शंभर टक्के नियम कसा वापरायचा

सातपूरला माझ्या मावसभावाचं फरसाणचं छोटं युनिट आहे. आठवड्याला कुठला माल किती काढायचा हे आम्ही एक्सेलच्या सॉल्व्हरवर काढतो आणि त्याच्या रिपोर्टमध्ये प्रत्येक आकडा किती हलला तरी प्लॅन तोच राहतो हे लिहून येतं. मागे श्रावणात असं झालं की बेसन महाग झालं म्हणून शेवेचा नफा कमी झाला आणि त्याच आठवड्यात तिसऱ्या सोमवारच्या ब्रह्मगिरीच्या फेरीमुळे त्र्यंबककडून फराळी चिवड्याला भाव चांगला मिळाला. भावाने रिपोर्ट उघडला, शेवेचा बदल बघितला तर तो रेंजमध्ये, फराळीचा बघितला तर तोही रेंजमध्ये, मग म्हणाला प्लॅन बदलायची गरज नाही, चालू द्या. आणि तिथेच आठवड्याचे सहाशे रुपये गेले. रिपोर्टमधली रेंज बरोबर होती, फक्त ती वाचताना एक गोष्ट सुटली, की ती रेंज "बाकी सगळं जागच्या जागी असेल तर" अशी असते. दोन आकडे एकदम हलले की तो कागद थेट लागू होत नाही, त्याच्यासाठी शंभर टक्के नियम आहे. एमबीए किंवा इंजिनियरिंगला ऑपरेशन्स रिसर्च नव्याने शिकणाऱ्यांसाठी, आणि भावासारखं रोजच्या कामात सॉल्व्हर वापरणाऱ्यांसाठी, तोच नियम याच फरसाणाच्या हिशोबावर पायरी पायरीने सांगतो. हिशोब सोपा जावा म्हणून आकडे गोल केलेत.

आधी मॉडेल समजून घ्या

तीन माल आहेत. पोह्यांचा चिवडा, शेव आणि बटाट्याचा फराळी चिवडा. बॅचमागे नफा अनुक्रमे ३००, २०० आणि ३२० रुपये. भट्टीवर चिवड्याच्या एका बॅचला २ तास लागतात, शेवेला १, फराळीला २. पॅकिंगला चिवड्याला १ तास, शेवेला १, फराळीला २. आठवड्याला भट्टीचे १०० तास आहेत (दोन भट्ट्या धरून) आणि पॅकिंगचे ८०. लिहिलं तर असं दिसतं:

```
Max  300 x1 + 200 x2 + 320 x3
       2 x1 +   1 x2 +   2 x3 <= 100
       1 x1 +   1 x2 +   2 x3 <= 80
     x1, x2, x3 >= 0
```

सॉल्व्हरचं उत्तर येतं चिवडा २० बॅच, शेव ६० बॅच, फराळी शून्य, नफा १८,००० रुपये. भट्टीचे सगळे १०० तास लागतात आणि पॅकिंगचे सगळे ८०.

आता बेसिस म्हणजे काय हे इथेच डोक्यात पक्कं करा, कारण पुढचं सगळं त्याच्यावर आहे. आपल्या उदाहरणात बेसिस म्हणजे "चिवडा आणि शेव काढायची, फराळी काढायची नाही, आणि दोन्ही प्रकारचे तास पूर्ण वापरायचे" हा निर्णय. २० आणि ६० हे आकडे त्या निर्णयातून निघतात. बेसिस टिकला म्हणजे हा निर्णय टिकला.

पायरी १: योग्य रिपोर्ट काढा

सॉल्व्हरमध्ये सॉल्व्हिंग मेथड `Simplex LP` निवडा, Solve दाबा आणि उत्तर सापडल्यावर जो डबा येतो त्यात उजवीकडे `Sensitivity` निवडून मग OK करा. बरेच जण मेथड `GRG Nonlinear` वरच सोडतात, कारण उघडल्यावर तीच आलेली असते. उत्तर तेच येतं पण सेन्सिटिव्हिटी रिपोर्टमध्ये आपल्याला हवे ते दोन कॉलम येतच नाहीत. तुमच्या रिपोर्टमध्ये `Allowable Increase` आणि `Allowable Decrease` दिसत नसतील तर पहिली शंका हीच घ्या. आणि बॅच पूर्ण आकड्यातच हव्यात म्हणून `int` ची अट घातली असेल तर हा रिपोर्ट मिळणारच नाही, कारण पूर्णांकाच्या मॉडेलला ही रेंज लागू पडत नाही आणि शंभर टक्के नियमही नाही.

आपल्या मॉडेलच्या रिपोर्टमध्ये मालाच्या भागात असं येतं. चिवड्याचा नफा १०० ने वाढू शकतो, १०० ने कमी होऊ शकतो. शेवेचा १०० ने वाढू शकतो पण कमी फक्त ४० ने होऊ शकतो. फराळीचा ८० ने वाढू शकतो, आणि कमी होण्यापुढे `1E+30` लिहिलेलं असतं, म्हणजे कितीही कमी झाला तरी फरक नाही, जो माल काढतच नाही त्याचा नफा अजून कमी झाला तर तो कशाला काढू.

एक चूक मी नव्या मुलांच्या वह्यांत सारखी बघतो. `Allowable Increase` खाली १०० दिसलं की ते समजतात नफा १०० पर्यंत चालेल. तसं नाही, १०० हा बदल आहे. चिवड्याचा नफा ३०० पासून ४०० पर्यंत जाऊ शकतो असं ते वाचायचं.

पायरी २: प्रत्येक बदलाचा हिस्सा काढा

समजा तेल महागलं. तळणीचं काम असल्याने तिन्ही मालांना झळ बसते. चिवडा ३०० वरून २७० वर येतो, शेव २०० वरून १८० वर, फराळी ३२० वरून २९० वर. आता प्रत्येक बदलाला एकच प्रश्न विचारायचा, की या दिशेला जेवढी परवानगी होती त्यातली किती वापरली.

चिवडा ३० ने कमी झाला, कमी होण्याची परवानगी १००, म्हणून ३० टक्के वापरली. शेव २० ने कमी झाली, परवानगी ४०, म्हणून ५० टक्के. फराळी ३० ने कमी झाली पण तिथे परवानगी अमर्याद, म्हणून शून्य टक्के. बेरीज ८० टक्के. शंभरच्या आत आहे, म्हणजे बेसिस तोच, प्लॅन तोच, चिवडा २० आणि शेव ६०. नफा मात्र नवा मोजा, २७० गुणिले २० अधिक १८० गुणिले ६०, म्हणजे १६,२००. प्लॅन तोच राहिला म्हणजे नफा तोच राहिला असं नसतं, हे परीक्षेत दर वर्षी कुणीतरी विसरतंच.

भागताना दिशा बघायची. आकडा वाढला असेल तर `Allowable Increase` ने भागा, कमी झाला असेल तर `Allowable Decrease` ने. शेवेला एका बाजूला १०० आणि दुसऱ्या बाजूला ४० आहे, चुकीच्या बाजूने भागलं तर ५० टक्क्यांच्या जागी २० टक्के येतात आणि बेरीज खोटी लहान दिसते. आणि उणे चिन्ह ठेवायचं नाही, एक वाढला आणि एक कमी झाला म्हणून ते एकमेकांत कटत नाहीत, दोन्ही हिस्से धनच धरून बेरीज करायची. शंभर टक्क्यांच्या नियमात सगळ्यात जास्त चुका या दोन जागी होतात असा माझा अनुभव आहे.

शीटमध्येच करायचं असेल तर जुना आकडा C कॉलमला, नवा D ला, वाढीची परवानगी E ला आणि घटीची F ला ठेवा, आणि G ला हे लिहून खाली ओढा, मग G ची बेरीज घ्या:

```
=IF(D2>=C2,(D2-C2)/E2,(C2-D2)/F2)
```

`1E+30` ने भागलं की उत्तर जवळपास शून्यच येतं, त्यामुळे त्याच्यासाठी वेगळं काही करावं लागत नाही. `#DIV/0!` आलं तर दुर्लक्ष करू नका, त्याबद्दल खाली लिहिलंय.

हे का चालतं

नुसती बेरीज करून मोकळं होऊ नका, कारण नियम कुठे थांबतो हे का चालतं त्यातूनच कळतं. मला हे एका वेगळ्या पद्धतीने पटलं, ते सांगतो.

तीन भावपत्रकं डोळ्यांसमोर आणा. पहिलं आजचं, ३००, २००, ३२०. दुसऱ्यात फक्त चिवड्याचा नफा पार टोकापर्यंत खाली नेलेला, २००, २००, ३२०. तिसऱ्यात फक्त शेवेचा टोकापर्यंत खाली, ३००, १६०, ३२०. या तिन्ही पत्रकांवर आपला २०-६० चा प्लॅन दुसऱ्या कुठल्याही प्लॅनपेक्षा कमी पडत नाही, हीच तर रिपोर्टने दिलेली हमी आहे, टोकावर बरोबरी होईल पण हार नाही. आता या तीन पत्रकांचं मिश्रण करा, दुसऱ्याचा ३० टक्के, तिसऱ्याचा ५० टक्के आणि उरलेला २० टक्के पहिल्याचा. चिवड्याचे ६० अधिक १५० अधिक ६०, म्हणजे २७०. शेवेचे ६० अधिक ८० अधिक ४०, म्हणजे १८०. आलं ना तेच तेल महागल्यानंतरचं पत्रक? (फराळीचा आकडा ३२० राहिला, तो नंतर २९० ला आणला तरी जो माल काढतच नाही त्याने आपल्या प्लॅनचं काही बिघडत नाही, उलट फराळी काढणारे प्लॅनच अजून मागे पडतात.) कुठल्याही प्लॅनचा मिश्र पत्रकावरचा नफा म्हणजे तिन्ही पत्रकांवरच्या नफ्यांचं तेच मिश्रण. आपला प्लॅन तिन्हीवर पुढे, मग मिश्रणावरही पुढेच असणार. झालं, नियम सिद्ध झाला.

आणि यातच शंभर का ते दिसतं. हिस्से ३०, ५० असतील तर उरलेले २० टक्के आजच्या पत्रकाला देता येतात. हिस्स्यांची बेरीज शंभरच्या वर गेली तर आजच्या पत्रकाला उणे काहीतरी द्यावं लागेल, ते मिश्रणच राहत नाही, मग हा युक्तिवादच बंद पडतो. बंद पडतो म्हणजे बेसिस बदलला असं नाही, फक्त आपल्या हातातली हमी संपली.

पायरी ३: बेरीज शंभरच्या वर गेली तर

इथे श्रावणातल्या त्या आठवड्याकडे परत जाऊ. शेव २०० वरून १८०, म्हणजे ४० पैकी २०, ५० टक्के. फराळी ३२० वरून ३८०, म्हणजे ८० पैकी ६०, ७५ टक्के. दोन्ही एकेकटे रेंजमध्ये, पण बेरीज १२५. भावाने बेरीज केली असती तर त्याला तिथेच थांबावं लागलं असतं.

आता दुसरा प्रसंग घ्या. शेव तशीच १८० वर, ५० टक्के, आणि समजा पोहे, शेंगदाणे आणि खोबरं एकदम महागल्याने चिवडा ३०० वरून २२५ वर, म्हणजे ७५ टक्के. बेरीज परत १२५. पण पहिल्या प्रसंगात बेसिस मोडतो आणि दुसऱ्यात टिकतो, बेरीज एकच असून. म्हणून १२५ बघून "प्लॅन बदलला" असं लिहिणं चूक, आणि "थोडंच वर गेलंय, चालेल" म्हणणं त्याहून मोठी चूक. शंभरच्या वर नियम गप्प बसतो, तुम्हाला स्वतः तपासावं लागतं.

तपासायचा खात्रीचा मार्ग म्हणजे नवे आकडे टाकून सॉल्व्हर परत चालवणं, एवढ्या लहान मॉडेलला अर्धा मिनिटही लागत नाही. पण परीक्षेत सॉल्व्हर नसतो, आणि कधी कधी का मोडला हे कळायला हवं असतं, म्हणून हाताने असं करा. भट्टीच्या एका तासाची किंमत y1 आणि पॅकिंगच्या तासाची y2 धरा, म्हणजे शॅडो प्राईस. c1, c2, c3 म्हणजे चिवडा, शेव आणि फराळीचा बॅचमागचा नफा. ज्या मालाची बॅच काढतो त्याचे तास या किमतीने मोजले तर त्याच्या नफ्याइतके भरले पाहिजेत:

```
2*y1 + y2 = c1
y1 + y2 = c2
y1 >= 0, y2 >= 0, 2*y1 + 2*y2 >= c3
```

पहिल्या दोन ओळींतून y1 आणि y2 काढा, मग तिसऱ्या ओळीतल्या तीन अटी बघा. तिन्ही पाळल्या तर बेसिस तोच, एक जरी मोडली तरी बदलला. आज y1 आणि y2 दोन्ही १०० येतात, आणि फराळीच्या बॅचला लागणाऱ्या तासांची किंमत ४०० होते, नफा ३२०, म्हणजे ती बॅच काढणं ८० रुपयांनी महागात पडतं. रिपोर्टमध्ये फराळीसमोर `Reduced Cost` खाली उणे ८० दिसतं ते हेच, आणि वाढीची परवानगी ८० आली ती पण इथूनच.

श्रावणातल्या आकड्यांवर y1 म्हणजे ३०० वजा १८०, १२०, आणि y2 उरले ६०. दोन्ही धन, ठीक. पण फराळीच्या तासांची किंमत आता दोनदा १८०, म्हणजे ३६०, आणि नफा ३८०. अट मोडली. फराळी काढणं आता फायद्याचं. परत सोडवलं तर चिवडा २० बॅच तसाच राहतो, शेव पूर्ण बंद आणि फराळी ३० बॅच, नफा १७,४००. जुनाच प्लॅन चालवला तर १६,८००. हेच ते सहाशे रुपये.

दुसऱ्या प्रसंगात y1 म्हणजे २२५ वजा १८०, ४५, आणि y2 म्हणजे १३५, फराळीच्या तासांची किंमत ३६०, नफा ३२०. तिन्ही अटी पाळल्या, प्लॅन तोच.

आता फरक का पडला ते बघा, मला हा भाग सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. शेव ४० नेच का कमी होऊ शकते? कारण त्याच्या खाली गेली की फराळी आत येते. फराळी ८० नेच का वाढू शकते? कारण त्याच्या वर गेली की फराळी आत येते. म्हणजे दोन्ही बदल एकाच भिंतीकडे चाललेत, दोघांनी मिळून १२५ टक्के ढकललं आणि भिंत पार झाली. पण चिवडा १०० नेच का कमी होऊ शकतो? कारण त्याच्या खाली भट्टीच्या तासाची किंमत उणे होते, ती भिंत वेगळीच आहे. शेव एका भिंतीकडे अर्ध्यावर गेली, चिवडा दुसऱ्या भिंतीकडे पाऊण अंतर गेला, कुठलीच भिंत पार झाली नाही. उलट शेवेचा नफा कमी झाला तेव्हा ती दुसरी भिंत चिवड्यापासून थोडी लांबच सरकली, कारण y1 म्हणजे c1 वजा c2. शंभर टक्के नियम भिंती वेगळ्या आहेत की एकच हे बघत नाही, सगळे एकाच भिंतीकडे चाललेत असं धरून सगळ्यात वाईट शक्यतेचा हिशोब करतो. म्हणूनच शंभरच्या आत तो शंभर टक्के भरवशाचा आहे आणि शंभरच्या वर त्याला काही सांगता येत नाही.

एक सूट मात्र आहे. बदललेले सगळे आकडे फक्त अशा मालांचे असतील जे सध्या शून्य काढतो, तर बेरीज करायची गरजच नाही. समजा फराळीसोबत शंकरपाळीही मॉडेलमध्ये असती आणि तीही शून्यच येत असती, तर फराळीचा आणि शंकरपाळीचा बदल आपापल्या रेंजमध्ये आहे का एवढंच बघायचं, दोन्ही ९० टक्के वापरले तरी प्लॅन टिकतो. कारण न काढलेल्या मालाचा नफा तासांच्या किमतीत शिरत नाही, y1 आणि y2 जागचे हलत नाहीत, त्यामुळे प्रत्येकाची भिंत स्वतंत्र आणि जागेवरच.

पायरी ४: तासांमध्ये बदल असेल तर वेगळी बेरीज

आतापर्यंत नफ्याचे आकडे हलवले. उजव्या बाजूचे आकडे, म्हणजे भट्टीचे आणि पॅकिंगचे तास, एकत्र बदलले तरी नियम तोच, पण अर्थ बदलतो. रिपोर्टच्या `Constraints` भागात भट्टीचे तास ६० ने वाढू शकतात आणि २० ने कमी होऊ शकतात, पॅकिंगचे २० ने वाढू शकतात आणि ३० ने कमी.

समजा एका भट्टीच्या बर्नरचं काम निघालं म्हणून १० तास गेले, आणि पॅकिंगच्या ताई लग्नाला गावी गेल्या म्हणून तिथले १२ तास गेले. २० पैकी १० म्हणजे ५० टक्के, ३० पैकी १२ म्हणजे ४० टक्के, बेरीज ९०. बेसिस टिकला. पण इथे बॅचेस तेवढ्याच राहत नाहीत! ९० आणि ६८ तासांवर चिवडा २२ बॅच आणि शेव ४६ येते. टिकतं ते एवढंच की चिवडा आणि शेवच काढायची, आणि तासाच्या किमती १००-१०० च राहतात, त्यामुळे नफा सरळ १८,००० वजा १,००० वजा १,२०० म्हणजे १५,८०० असा काढता येतो. २२ गुणिले ३०० अधिक ४६ गुणिले २०० करून बघा, तेच येईल.

मोडतं कधी? भट्टीचे १४ तास गेले, ७० टक्के, आणि त्याच आठवड्यात पॅकिंगला एक जास्तीचा माणूस आला म्हणून ८ तास वाढले, ४० टक्के. बेरीज ११०. खूप जणांना वाटतं एक कमी एक जास्त, म्हणजे सांभाळून घेईल. इथे उलट होतं, कारण जुन्या बेसिसप्रमाणे चिवड्याच्या बॅचेस म्हणजे भट्टीचे तास वजा पॅकिंगचे तास, ८६ वजा ८८, उणे २ येतात, आणि उणे २ बॅच कोणी काढू शकत नाही. हा बेसिस मोडल्याचा तासांच्या बाजूचा पुरावा, कुठलातरी आकडा उणे येतो. खरं उत्तर नुसती शेव ८६ बॅच, नफा १७,२००. शॅडो प्राईसवर डोळे झाकून हिशोब केला असता तर १७,४०० आला असता, दोनशे रुपये जे कधी मिळणारच नव्हते.

नफाही बदलला आणि तासही बदलले तर? दोन्हींचे टक्के एका बेरजेत टाकू नका. नफ्याच्या आकड्यांची बेरीज वेगळी करा, तासांची वेगळी, दोन्ही आपापल्या शंभरच्या आत असतील तर बेसिस टिकतो. कारण तासांच्या किमती फक्त नफ्यावरून ठरतात आणि बॅचेस फक्त तासांवरून, एकाचा दुसऱ्यात पाय पडत नाही. नफ्याचे ८० टक्के आणि तासांचे ९० टक्के झाले म्हणून १७० झाले असं समजून घाबरायचं कारण नाही.

जिथे हा नियम लावायचाच नाही

एका बॅचला किती वेळ लागतो हे बदललं, समजा नवीन मशीनमुळे शेवेचं पॅकिंग १ तासावरून ४५ मिनिटांवर आलं, तर तो मॉडेलच्या आतला आकडा आहे. त्याच्यासाठी रिपोर्टमध्ये रेंजच नसते, नियमही नाही, परत सोडवा. नवा माल आला किंवा नवी अट आली तरी तेच.

`#DIV/0!` आलं किंवा परवानगीच्या जागी ० दिसलं तर त्याचा अर्थ आपण आधीच भिंतीला टेकून उभे आहोत. नफ्याच्या बाजूला तसा शून्य असेल तर बहुतेक वेळा तेवढाच नफा देणारा दुसरा प्लॅन पण आहे. किंवा मग डिजनरसी असते, म्हणजे बेसिसमधलाच एखादा आकडा शून्य झालेला, आणि तेव्हा त्याच उत्तराचे एकाहून जास्त बेसिस असू शकतात, रिपोर्ट त्यातल्या एकाचीच रेंज छापतो, म्हणून ती खऱ्यापेक्षा अरुंद दिसू शकते. त्या दिशेला आकडा हलला असेल तर टक्केवारीच्या नादी न लागता सरळ सॉल्व्हर परत चालवा.

आणि रोजच्या वापरात सगळ्यात जास्त फसवणारी गोष्ट वेगळीच आहे, हळूहळू होणारे बदल. सोमवारी शेव ८ रुपयांनी कमी झाली, २० टक्के. बुधवारी चिवडा ४० ने कमी, ४० टक्के. शुक्रवारी शेव परत २० ने कमी, ५० टक्के. दर दिवशी वेगवेगळं बघितलं तर सगळं निवांत वाटतं, पण रिपोर्ट सोमवारच्या आधीच्या आकड्यांचा आहे. त्या मूळ आकड्यांपासून मोजलं तर शेव २८ ने खाली, ७० टक्के, आणि चिवडा ४० टक्के, एकूण ११०. एखादा आकडा खाली जाऊन परत वर आला असेल तर मधला प्रवास धरायचा नाही, मूळ जागेपासून आत्ताचं निव्वळ अंतर तेवढं धरायचं. आता आमच्या शीटमध्ये वरचा तो फॉर्म्युला कायमचा बसवलाय, C कॉलमला रिपोर्ट काढला त्या दिवशीचे आकडे कुलूप लावून ठेवलेत आणि भाऊ रोज सकाळी फक्त D कॉलम भरतो. बेरीज १ च्या वर गेली की तो खाना लाल होतो, मग सॉल्व्हर परत चालवायचा, नवा रिपोर्ट काढायचा आणि C, E, F तिन्ही कॉलम नव्याने भरायचे, फक्त C बदलून जुन्याच E आणि F वर हिशोब करायचा नाही.